वाढलेलं थोडं विकायचं, वर्षातून एकदा

(महाराणा प्रताप नगर, भोपाळ येथे मंडळाच्या सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही म्हणजे मंडळातलीच काही माणसं. काही निवृत्त, काही अजून नोकरीत. वर्षातून एकदा एकत्र बसून आपापल्या गुंतवणुकीचा हिशेब एका कागदावर मांडायचा, एवढंच आमचं काम. शेअरबाजार उद्या कुठे जाईल हे आम्हांला कळत नाही आणि आज ते सांगणारही नाही. आज बोलायचं आहे ते त्या बैठकीत सगळ्यात जास्त वादाचं ठरणाऱ्या एका गोष्टीबद्दल. जे चांगलं वाढलं आहे त्यातलं थोडं विकायचं आणि जे मागे राहिलं आहे त्यात घालायचं, वर्षातून एकदा. इंग्रजी वळणाने याला रीबॅलन्सिंग म्हणतात. आपण तोल सावरणं म्हणू.

आपल्यातली कितीतरी घरं १९५६ नंतर इथली झाली. नवं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी भोपाळला आली आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडची नोकरदार मंडळी फायली आणि ट्रंका घेऊन आली. पुढे भेलमुळे आणखी आली. त्या पिढीची पुंजी म्हणजे प्रॉव्हिडंट फंड, पोस्टाची पुस्तकं आणि बँकेची मुदत ठेव. तिथे तोल सावरायचा प्रश्नच नव्हता, कारण तराजूला पारडं एकच होतं. आता प्रत्येक घरात दुसरं पारडंही आलं आहे. कुणाची एसआयपी आहे, कुणाचे शेअर आहेत, कुणाचं एनपीएस आहे. दोन पारडी आली की कुठलं किती जड ठेवायचं हे ठरवावं लागतं. आपण ठरवलं नाही, तर बाजार ठरवतो.

हे शेवटचं वाक्य नीट पटावं म्हणून एक हिशेब करून आणला आहे. सेन्सेक्सचे आकडे खरे आहेत, गुंतवणूकदार मात्र कल्पनेतले. मार्च २००३ अखेर दोन भावांकडे प्रत्येकी १० लाख रुपये आहेत असं धरा. दोघांचंही ठरलं, निम्मे शेअरमध्ये, निम्मे मुदत ठेवीत. शेअरचे पाच लाख सेन्सेक्सप्रमाणेच वाढतात किंवा घटतात असं धरलं. ठेवीवर सरसकट ७ टक्के व्याज धरलं आणि ते ठेवीतच साठत गेलं. लाभांश आणि कर सोडून दिले, म्हणजे मुद्दा स्वच्छ दिसतो.

थोरल्या भावाने पैसे गुंतवले आणि पुन्हा हात लावला नाही. धाकटा दर वर्षी मार्चअखेरीला बसायचा, बेरीज करायचा आणि पुन्हा निम्मे-निम्मे करून उठायचा. दोघांत फरक एवढाच.

सेन्सेक्स ३१ मार्च २००३ ला ३,०४९ होता. वर्षभरात तो ५,५९१ झाला. दोघांचेही शेअरमधले पाच लाख सव्वानऊ लाखांच्या जवळ पोचले, ठेव ५ लाख ३५ हजार झाली. एकूण साडेचौदा लाख. इथे धाकट्याने १ लाख ९१ हजारांचे शेअर विकले आणि ठेवीत टाकले. आता त्याच्या जागी बसून पाहा. ज्या पारड्याने वर्षात ८३ टक्के दिले त्यातून काढायचं आणि ७ टक्के देणाऱ्यात घालायचं! घरातलं कुणीही म्हणेल, अरे, दुभती गाय कुणी विकतं का?

आणि पुढची चार वर्षं घरातल्यांचंच खरं ठरत गेलं. मार्च २००५ ला सेन्सेक्स ६,४९३, २००६ ला ११,२८०, २००७ ला १३,०७२ आणि २००८ ला १५,६४४. धाकटा २००६ मध्ये पुन्हा २ लाख ७० हजारांचे शेअर विकून बसला आणि बाजार त्यानंतरही चढत राहिला. मार्च २००८ अखेर थोरल्याकडे ३२ लाख ६७ हजार होते, धाकट्याकडे २८ लाख ७२ हजार. जवळजवळ चार लाखांचा फरक, तोही काहीच न करणाऱ्याच्या बाजूने. तोल सावरणं का चुकीचं वाटतं याचं उत्तर इथे आहे. ते नुसतं वाटत नाही, कितीतरी वर्षं डोळ्यांसमोर तसं दिसतही राहतं. विकलेलं पुढे वाढलं की त्याची टोचणी रोज लागते. न विकल्यामुळे वाढलेला धोका मात्र कुठल्याच पासबुकात छापलेला नसतो.

तो धोका आपण आता छापू. मार्च २००८ अखेर थोरल्याच्या ३२ लाख ६७ हजारांपैकी २५ लाख ६५ हजार शेअरमध्ये होते. म्हणजे शंभरातले ७८. त्याने ७८ टक्के शेअरमध्ये ठेवायचं कधी ठरवलं होतं का? नाही. त्याला पाच वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं, की दहातले आठ लाख बाजारात टाकतोस का, तर तो नाहीच म्हणाला असता. पण हात न लावता तो तिथेच पोचला होता, आणि तेही वय पाच वर्षांनी वाढलेलं असताना. काहीच न करणं म्हणजे जुना निर्णय पाळणं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात काही न केल्यामुळे जुना निर्णय मोडतो.

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि आधीच घसरणारे जगभरचे बाजार कोसळले. ३१ मार्च २००९ ला सेन्सेक्स ९,७०९ वर होता. थोरल्याचे ३२ लाख ६७ हजार एका वर्षात २३ लाख ४३ हजार झाले. गेले ९ लाख २४ हजार, म्हणजे ज्या दहा लाखांनी सुरुवात केली जवळजवळ तेवढे. धाकट्याचे २८ लाख ७२ हजारांचे २४ लाख २८ हजार झाले. त्याचेही गेले, पण ४ लाख ४४ हजार. एकाची घसरण २८ टक्के, दुसऱ्याची साडेपंधरा टक्के. त्या एप्रिलमध्ये मुलीचं लग्न किंवा घराचा शेवटचा हप्ता असता, तर हा फरक काय असतो ते वेगळं सांगायला नको.

इथे गोष्ट थांबवली तर सोयीची होईल, पण पुरी होणार नाही. पुढच्या वर्षी बाजार सावरला आणि मार्च २०१० ला सेन्सेक्स १७,५२८ झाला. थोरल्याकडे ३६ लाख ७७ हजार, धाकट्याकडे ३४ लाख ९० हजार. म्हणजे सात वर्षांच्या शेवटी थोरलाच पावणेदोन लाखांहून जास्त पुढे! तेव्हा तोल सावरल्याने पैसे जास्त मिळतात असं कुणी सांगितलं, तर मान हलवू नका. कधी मिळतात, कधी नाही. बाजार वर्षानुवर्षं एकाच दिशेने चढत राहिला तर कमीच मिळतात. तो कमी मिळालेला पैसा विम्याच्या हप्त्यासारखा आहे. त्याच्या बदल्यात, आपण झेपेल म्हणून जो धोका ठरवला होता तेवढाच राहतो.

आता आमच्या बैठकीत दर वर्षी निघणारा एक आक्षेप. लोक म्हणतात, आम्ही वाढलेलं विकायला कुठे घाबरतो? एखादा शेअर वीस टक्के वाढला की लगेच विकून मोकळे होतो. हे खरं आहे, आणि त्याचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतल्या हर्ष शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन या दोन प्राध्यापकांनी १९८५ मध्ये ही सवय मांडली. माणसं फायद्यातला शेअर घाईने विकतात आणि तोट्यातला कवटाळून बसतात. टेरन्स ओडीन यांनी पुढे १९९८ मध्ये एका दलालाकडची दहा हजार खाती तपासली, तेव्हा हीच सवय दिसली. वर असंही दिसलं की विकलेले शेअर पुढच्या वर्षभरात धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा सरासरीने बरे निघाले.

मग आम्ही उलटं कसं सांगतो? उलटं नाही. तिथे विषय एकेका शेअरचा आहे, इथे अख्ख्या पारड्याचा. एका कंपनीचा शेअर वाढला म्हणून तो विकून पडलेल्या दुसऱ्या कंपनीत पैसे घालणं, याला आम्ही तोल सावरणं म्हणत नाही. पडलेली कंपनी उठेलच याची हमी नसते. ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या अध्यक्षांनी हिशेबातली अफरातफर स्वतः कबूल केली आणि त्या एका दिवसात तो शेअर १७९ रुपयांवरून ४० च्या आसपास आला. अशा शेअरमध्ये स्वस्त झाला म्हणून भर घालत जाणारा माणूस तोल सावरत नसतो, खड्डा भरत असतो. निर्देशांकातून मात्र अशी कंपनी काढून दुसरी घेतली जाते. म्हणून तोल सावरायचा तो शेअरचं सगळं पारडं आणि ठेवींचं सगळं पारडं यांच्यात. शेअरचं पारडंही बऱ्याच कंपन्यांत पसरलेलं हवं, निर्देशांकाचा फंड किंवा तसाच कुठला मोठा फंड.

आता प्रत्यक्ष कृती. आम्ही एक कागद घेतो आणि मधोमध रेघ मारतो. डावीकडे शेअर, इक्विटी फंड आणि एनपीएसमधला इक्विटीचा भाग. उजवीकडे मुदत ठेवी, पीएफ, पीपीएफ, ज्येष्ठ नागरिक बचत योजना, पोस्टाची मासिक प्राप्ती, डेट फंड. हायब्रिड फंडाची रक्कम फंडाच्या मासिक पत्रकात दिलेल्या प्रमाणाने दोन्हीकडे वाटायची. राहतं घर आणि अंगावरचे दागिने कागदावर घ्यायचे नाहीत, कारण ते आपण विकणार नाही. गुंतवणूक म्हणूनच घेतलेलं सोनं, म्हणजे गोल्ड बाँड किंवा गोल्ड फंड, असेल तर त्याचं तिसरं पारडं करायचं. सहा महिन्यांचा घरखर्च आधीच बाजूला, तोही या हिशेबात नाही. नवरा-बायकोचा कागद एकच. एकाचं सगळं शेअरमध्ये आणि दुसऱ्याचं सगळं ठेवीत असेल तरी घराचा धोका एकच असतो.

ठरलेलं प्रमाण कागदाच्या डोक्यावर लिहायचं. प्रमाणात पाच टक्क्यांपेक्षा कमी फरक पडला असेल, तर कागद घडी करून ठेवायचा आणि चहा घ्यायचा. पन्नासाचे चौपन्न झाले तर काही करायचं नाही. धाकट्या भावाच्या उदाहरणात २००५, २००७ आणि २००८ या तीन वर्षी शेअरचा वाटा ५२ किंवा ५३ टक्क्यांवरच गेला होता. विकायलाच हवं अशी वर्षं त्या चढत्या काळात दोनच होती, २००४ आणि २००६. दर महिन्याला तोल सावरत बसलं तर कर आणि खर्च वाढतात आणि वाढणाऱ्या बाजारात आपण वेळेआधीच विकत सुटतो. अजिबात न सावरलं तर थोरल्या भावासारखं होतं. वर्षातून एकदा हा मधला मार्ग आहे. त्यात जादू काही नाही, पण तारीख ठरलेली असल्यामुळे त्या दिवशीच्या बातम्या पाहून निर्णय होत नाही.

समजा एका घराचे मिळून ४० लाख आहेत आणि ठरलेलं प्रमाण निम्मं-निम्मं. या वर्षी शेअरकडे २४ लाख आहेत, ठेवींकडे १६. म्हणजे साठ-चाळीस, तोल सुटला. पहिली गोष्ट, लगेच विकायला धावू नका. वर्षाची नवी बचत एक लाख आली आहे, ती सगळी ठेवीत घाला. ठेवी झाल्या १७, एकूण ४१, निम्मे म्हणजे साडेवीस. आता हलवायचे राहिले साडेतीन लाख. निवृत्त माणसाकडे नवी बचत नसते, पण घरखर्चाला पैसे काढावे लागतात. त्याने ते जड पारड्यातून काढावेत, तेवढंच विकणं कमी होतं. एनपीएसमध्ये स्वतः प्रमाण निवडण्याची सोय घेतली असेल, तर आधी तिथे फेरबदल करा. तिथल्या तिथे बदलल्यावर कर लागत नाही.

उरलेले साडेतीन लाख इक्विटी फंडातून काढायचे आहेत. सध्याचा नियम असा की वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअर किंवा इक्विटी फंडाच्या नफ्यावर, एका आर्थिक वर्षातले पहिले सव्वा लाख सोडून, साडेबारा टक्के कर. वर्षाच्या आत विकलं तर वीस टक्के. फंडात जे युनिट आधी घेतले तेच आधी विकले गेले असं धरतात. म्हणून जुन्या एसआयपीतून काढताना नफ्याचा भाग मोठा निघतो. समजा साडेतीन लाखांत २ लाख ४५ हजार नफा आहे. एकदम विकले तर १ लाख २० हजारांवर कर, सेस धरून १५,६०० रुपये. तेच निम्मे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आणि निम्मे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विकले, तर दोन आर्थिक वर्षांच्या दोन सवलती मिळतात आणि कर शून्य. एक ध्यानात ठेवा, एप्रिलमध्ये नव्या वर्षाची सवलत जवळजवळ संपलेली असते, ती पुढच्या मार्चमध्ये पुन्हा मिळत नाही. ज्यांचे शेअर ३१ जानेवारी २०१८ च्या आधीचे आहेत, त्यांच्या त्या दिवसाच्या भावापर्यंतच्या वाढीवर कर नाही. विकण्याआधी आपल्या कर सल्लागाराला हा कागद दाखवा.

आता उलट बाजू, जिची तयारी बहुतेक घरांत नसते. बाजार पडतो तेव्हा ठेवीतून काढून शेअर घ्यायचे असतात. धाकट्या भावाला मार्च २००९ मध्ये ३ लाख २३ हजार ठेवीतून काढून शेअरमध्ये घालावे लागले, वर्तमानपत्रात मंदीशिवाय दुसरी बातमी नसताना. वाढलेलं विकण्यापेक्षा हे अवघड. त्यात मनाशिवाय एक साधी अडचणही असते. पैसे हाताशी नसतात. पीपीएफ पंधरा वर्षांचं, ज्येष्ठ नागरिक योजना पाच वर्षांची, बँकेची ठेव मोडली तर बहुधा व्याजात कपात. उजवं पारडं भरलेलं, पण कुलूपबंद. म्हणून आम्ही ठेवींची शिडी करायला सांगतो. एका मोठ्या ठेवीऐवजी पाच छोट्या, आणि दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये एक सुटेल अशा. गरज पडली तर ती शेअरकडे जाईल, नाही तर पुन्हा पाच वर्षांसाठी ठेवली जाईल.

याच्या मर्यादाही आहेत. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या शेवटी जिथे होता, तिथे तो परत पोचला फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षं. अशा बाजारात पडल्यावर भर घालणाऱ्याला सुरुवातीची कित्येक वर्षं सोसावं लागतं. तोल सावरल्याने नुकसान टळत नाही, ते ठरलेल्या मापात राहतं. आणि माप स्वतः चुकीचं असेल, म्हणजे तीन वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये असेल, तर दर वर्षी सावरूनही उपयोग नाही. तो पैसा मुळात त्या पारड्यात नकोच.

भेलमधून निवृत्त झालेल्या आमच्या मित्रांसाठी एक शेवटची गोष्ट. ज्या कंपनीने पगार दिला, क्वार्टर दिलं, तिचेच शेअर डावीकडे भरून ठेवलेले असतील, तर वरचं प्रमाण बरोबर दिसूनही तोल बरोबर नसतो. कंपनी कितीही आपली असली तरी ती एकच कंपनी आहे. घरात कुणी अजून तिथेच नोकरीत असेल, तर पगार आणि पुंजी दोन्ही एकाच दोरीवर टांगलेली असतात. असे शेअर एकदम विकावे लागत नाहीत. वाढलेलं पारडं हलकं करायचं वर्ष आलं, की आधी तेच विकायचे.

आमची पुढची बैठक नेहमीप्रमाणे मार्चच्या शेवटच्या रविवारी आहे. येताना पासबुकं, फंडांची पत्रकं आणि एक कोरा कागद आणा. कागदावर दुसरं काही लिहिलं नाही तरी चालेल, पण तुमचं ठरलेलं प्रमाण डोक्यावर लिहून आणा.